शाबासकी नक्की कशाची?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात पालकांसाठी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



चिटणीसांनी मला विषय दिला तो ‘मुलांचे कौतुक’. मी कॉलेजात बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, पण आज पाठ घेणार नाही. एकच प्रयोग सांगणार आहे, तो मात्र सविस्तर. त्यानंतर त्याचा आपल्या घराशी काय संबंध, ते बघू.

आपल्याकडे एक वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात बोललं जातं. ‘आमचा हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही.’ पाहुण्यांसमोर, शाळेत पालकसभेला, लिफ्टमध्ये सुद्धा. आपल्याला वाटतं, आपण तक्रार करतोय. मुलगा मात्र ती तक्रार म्हणून ऐकत नाही. त्याच्या कानावर पडतं ते असं : हुशारी ही आपल्याजवळ असलेली वस्तू आहे, आणि अभ्यास न करताही ती आपल्याजवळ राहते. पुढचा हिशेब तो स्वतःच करतो. अभ्यास केला नाही आणि मार्क कमी पडले, तर ‘अभ्यास नव्हता केला’ म्हणता येतं. अभ्यास करून कमी पडले, तर? मग हुशारीच गेली! त्यापेक्षा न केलेला बरा.

हा हिशेब मुलं खरंच करतात का, हे तपासणारा एक प्रयोग अमेरिकेत झाला. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोघींनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. मुलं पाचवीतली, म्हणजे दहा-अकरा वर्षांची. प्रत्येकाला एकेकटं बसवून आकृत्यांची कोडी दिली. एका चौकटीत काही नक्षी असतात, त्यांतली एक जागा रिकामी असते, आणि तिथे काय बसेल ते खालच्या पर्यायांतून शोधायचं. अशी दहा कोडी, वेळ चार मिनिटं.

पहिला संच मध्यम अवघड होता. तो झाल्यावर सगळ्याच मुलांना सांगितलं, ‘छान, तुझी बरीच बरोबर आली.’ इथपर्यंत सगळ्यांना सारखंच. पुढच्या एका वाक्यात मात्र फरक केला. काही मुलांना म्हटलं, ‘तू यात हुशार असणार.’ काहींना म्हटलं, ‘तू खूप मेहनत घेतली असणार.’ आणि काहींना पुढे काहीच म्हटलं नाही. एवढंच. अनोळखी माणसाच्या तोंडचं, एकदाच बोललेलं एक वाक्य.

मग मुलांना विचारलं, आता कसली कोडी हवीत? एका बाजूला सोपी, जमतील अशी, हुशारी दिसेल अशी. दुसऱ्या बाजूला अशी, की ज्यांतून शिकायला मिळेल, पण कदाचित तू तेवढा हुशार दिसणार नाहीस. हुशार म्हटलेल्या मुलांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुलांनी सुरक्षित बाजू घेतली. मेहनती म्हटलेल्या मुलांपैकी दहातल्या नऊ जणांनी शिकायला मिळेल ती बाजू घेतली.

खरी गंमत यानंतर आहे. दुसरा संच सगळ्यांना मुद्दाम खूप अवघड दिला आणि सांगितलं की, या वेळी फारच कमी आली. मग विचारलं, मजा आली का? घरी न्यायची आहेत का? का जमलं नाही असं वाटतं? हुशार म्हटलेल्या मुलांना गोडी कमी वाटली, घरी न्यायची इच्छाही कमी. आणि कारण देताना ती म्हणू लागली, मला हे येतच नाही. मेहनती म्हटलेली मुलं म्हणाली, मी पुरेसा जोर लावला नाही.

शेवटी तिसरा संच, पहिल्याइतकाच सोपा-अवघड. हुशार म्हटलेल्या मुलांची आता पहिल्या वेळेपेक्षा सरासरीनं जवळजवळ एक कोडं कमी बरोबर आलं. मेहनती म्हटलेल्यांचं सुमारे एक जास्त आलं. ज्यांना काहीच म्हटलं नव्हतं, ती साधारण होती तिथेच राहिली. म्हणजे नुसतं ‘छान’ म्हणून गप्प बसणं हे ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा बरं ठरलं.

आणखी एक गोष्ट. मुलांना सांगितलं, दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी या कोड्यांबद्दल चार ओळी लिहा. तुमचे गुणही लिहायला तिथे जागा आहे. नाव लिहायचं नव्हतं, ती मुलं कधी भेटणारही नव्हती. तरी हुशार म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चौघांनी आपले गुण वाढवून लिहिले. इतर मुलांत हे प्रमाण बरंच कमी, साधारण सात-आठात एक. ही मुलं काही लबाड नव्हती. ‘हुशार’ ही पदवी मिळाली की ती सांभाळावी लागते, आणि ती सांभाळायला कुणी खोटंही बोलतं.

जाताजाता हेही सांगतो, की प्रयोग संपल्यावर मुलांना खरं काय ते सांगितलं : दुसरा संच वरच्या इयत्तेच्या मुलांना शोभेल असा होता, तो न येण्यात काही कमीपणा नाही.

आता याचं मर्म. कौतुक करताना आपण मुलाच्या हातात एक फूटपट्टी देतो. यश आलं तेव्हा ‘हुशार’ म्हणून मोजलं, तर अपयश आलं की तो त्याच पट्टीनं स्वतःला मोजतो आणि उत्तर येतं ‘ढ’. यश आलं तेव्हा ‘असं असं केलंस म्हणून जमलं’ म्हटलं, तर अपयशात उत्तर येतं ‘काय करायचं राहिलं?’ पहिल्या उत्तरावर इलाज नाही, दुसऱ्यावर आहे. क्षमता जन्मतःच ठरलेली असते असं मानणं आणि ती वाढू शकते असं मानणं, हा जो फरक ड्वेकबाई सांगतात, तो घरात असा एकेका वाक्यातून शिरतो.

पण इथे एक खड्डा आहे आणि त्यात बरेच पालक पडतात. हे ऐकलं की घरी जाऊन सुरू होतं, ‘प्रयत्न केलास ना, शाबास!’ उठता-बसता तेच. ड्वेक यांनीच पुढे स्पष्ट केलं की, नुसत्या प्रयत्नाची आरती ओवाळा असं आपण म्हटलेलं नाही. मूल शिकलं नाही, तरी प्रयत्नाला शाबासकी देऊन विषय मिटवायचा, हा अर्थ चुकीचा. आणि मोठी मुलं तर हे लगेच ओळखतात. लहान मुलाला वाटतं, जो जास्त मेहनत करतो तोच हुशार. अकरा-बारा वर्षांनंतर मुलाला कळतं की, दोघांना सारखेच मार्क पडले आणि एकानं कमी अभ्यास केला, तर तो जास्त हुशार. त्या वयाच्या मुलाला सोप्या गोष्टीबद्दल ‘किती मेहनत घेतलीस!’ म्हणा, त्याला ऐकू येईल, ‘तुला एवढंसुद्धा कष्टानंच जमतं.’

मग बोलायचं काय? एक उदाहरण घेऊ. समजा, सहावीतल्या मुलीनं गणित सोडवलं : २/३ + १/४. उत्तर लिहिलं ३/७. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. ही चूक अगदी नेहमीची. आता ‘अगं, तू हुशार आहेस, असं कसं केलंस?’ हे नको. ‘असू दे, प्रयत्न केलास ना’ हेही नको, कारण उत्तर चुकलंय. विचारा, ‘२/३ हे अर्ध्याहून जास्त की कमी?’ ती म्हणेल, जास्त. ‘आणि ३/७?’ सातातले तीन, अर्ध्याहून कमी. थोडा वेळ जाऊ द्या. तिच्याच लक्षात येईल की, मिळवल्यावर उत्तर कमी कसं होईल? मग ती बाराचा छेद करेल, ८/१२ आणि ३/१२, आणि ११/१२ पर्यंत येईल. आता कौतुक करा, पण या गोष्टीचं : ‘उत्तर पटत नाही म्हटल्यावर तू थांबलीस आणि दुसरी रीत धरलीस, ते आवडलं.’ हे खरं आहे, नेमकं आहे, आणि उद्या दुसऱ्या गणितात तिला तसंच पुन्हा करता येईल. ‘हुशार’ हे काही उद्या करता येत नाही.

मुलींचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. शिकागोमधल्या ५३ घरांत एक ते तीन वर्षांच्या मुलांशी आई-वडील कसं बोलतात, याचं चित्रीकरण करून अभ्यास झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. मुलग्यांच्या वाट्याला आलेल्या कौतुकात ‘तू जे केलंस’ त्याचं कौतुक जवळजवळ चौथा हिस्सा होतं. मुलींच्या बाबतीत ते दहावा हिस्सा. आणि ज्या मुलांना असं कौतुक जास्त मिळालं होतं, ती सात-आठ वर्षांची झाल्यावर ‘माणूस बदलू शकतो, शिकू शकतो’ असं जास्त मानत होती. यावरून एकामुळेच दुसरं झालं असं सिद्ध होत नाही. तरी आज घरी गेल्यावर ऐकून बघा : मुलाला आपण काय म्हणतो आणि मुलीला ‘गुणाची गं माझी’ याखेरीज काय म्हणतो.

आणि या सगळ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९९८चा प्रयोग एका बैठकीचा होता. पुढे चीनमध्ये सहाशेहून अधिक मुलांवर तसेच प्रयोग झाले, ते २०१९ साली प्रसिद्ध झाले; तिथे निकाल इतके ठसठशीत आले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘बुद्धी वाढवता येते’ हे तासाभराहून कमी वेळात त्यांना शिकवलं होतं. मागे पडलेल्या मुलांचे गुण चारच्या मापात सरासरी ०.१ नं वाढले. म्हणजे फायदा आहे, पण थोडा. ही जादूची कांडी नाही. चांगला शिक्षक, शांत कोपरा आणि पुरेशी झोप यांची जागा एक वाक्य घेऊ शकत नाही. पण ते वाक्य फुकट मिळतं, आणि उलटं बोललो तर नुकसान करू शकतं, म्हणून आज इतका वेळ घेतला.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या ‘गुणवंत’ विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, नाव आणि टक्के वाचून पेढे-पुष्पगुच्छ देतो. तो चालूच राहू दे. फक्त टक्के वाचून झाल्यावर त्या मुलाला अर्धा मिनिट माइक द्या आणि एकच प्रश्न विचारा : ‘तुला काय जमत नव्हतं, आणि मग तू काय केलंस?’ खाली बसलेल्या सातवी-आठवीच्या मुलांना ब्याण्णव टक्क्यांचा उपयोग नाही. त्या उत्तराचा आहे.