तेराव्या मात्रेची टाळी



या गुरुपौर्णिमेला, वयाच्या 41व्या वर्षी, मी पहिल्यांदा रंगमंचावर कथक केलं. त्या संध्याकाळी मला कथक शिकवणाऱ्या माझ्या ताईंनी दिलेल्या एका टाळीबद्दल आज मला त्यांचे आभार मानायचे आहेत.

तीनताल 16 मात्रांचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. माझी शेवटची तिहाई अगदी साधी होती. पाच मात्रांचा एकच तुकडा तीनदा करायचा आणि मध्ये दोनदा एकेका मात्रेचा दम घ्यायचा, म्हणजे थांबायचं. सगळं मिळून होतात 17 मात्रा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. शेवटचा ‘थेई’ नेमका तिथे पडला पाहिजे.

घरी ही तिहाई कधी चुकली नव्हती. रंगमंचावर मात्र छाती धडधडू लागली आणि पाय पळायला लागले. पहिला तुकडा झाला, आणि दम न घेताच मी दुसऱ्या तुकड्याला हात घातला. म्हणजे मी एक मात्रा पुढे निघाले. तशीच गेले असते, तर माझा ‘थेई’ सोळाव्या मात्रेवर पडला असता आणि सम माझ्यामागून आली असती.

ताई तबलजींच्या शेजारी बसून पढंत करत होत्या. त्यांनी बोल थांबवले आणि हात वर धरून ठेवला. माझा दुसरा तुकडा दहाव्या मात्रेला संपला होता. त्या हाताकडे बघत मी अकरावी मात्रा थांबले, बारावी थांबले. तेराव्या मात्रेला टाळी वाजली आणि त्याच क्षणी मी तिसरा तुकडा उचलला. सम बरोबर आली. प्रेक्षकांना काहीच कळलं नाही.

तो हात मला वाचता आला, कारण पहिले तीन महिने ताईंनी माझ्या पायात घुंगरू बांधूच दिले नव्हते. “आधी तोंडात, मग हातात, मग पायात,” असं त्या म्हणायच्या. रोज बसून हातावर ताल धरायचा आणि बोल म्हणायचे. नाच कधी शिकवणार, असं तेव्हा मनात यायचं. त्या तीन महिन्यांत त्या नाचच शिकवत होत्या, हे मला त्या दोन मात्रांत कळलं.

विंगेत आल्यावर मी पाया पडले. ताई म्हणाल्या, “पहिला दम का खाल्लास गं? सोमवारी पुन्हा हातावर घेऊ.”

ताई, त्या टाळीसाठी आणि त्या सोमवारसाठी तुमचे मनापासून आभार.

आणि श्रोतेहो, तुमचं मूल पहिल्यांदा रंगमंचावर उभं राहील, तेव्हा एकदा पढंत करणाऱ्या हाताकडेही बघा.