पहिल्या दिवसाचा फंड



आपली मुले-मुली इचलकरंजीकडे कारखान्यात लागली की त्यांना कधी कधी सांगतात, "सहा महिने प्रोबेशन, कायम झाल्यावर फंड कापू." हे कायद्याला धरून नाही. पूर्वी फंडात येण्यास काही काळ नोकरी व्हावी लागे. १ नोव्हेंबर १९९० पासून ती अट गेली. वीस माणसे असलेल्या कारखान्यात प्रोबेशनवरचा कामगारही पहिल्या दिवसापासून सभासद होतो. कायद्याखाली नोंदलेला शिकाऊ उमेदवार तेवढा वेगळा.

समजा, मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आहेत. मुलीचे १,४४० आणि मालकाचे तितकेच दरमहा भरले पाहिजेत. सहा महिने भरले नाहीत, तर तिच्या नावचे १७,२८० रुपये जमाच होत नाहीत.

कामगार विम्याचेही तसेच. पहिल्याच दिवशी यंत्रात बोट सापडले, तरी दुखापतीचे संरक्षण आहे. आजारपणातील भत्त्याला मात्र आधी काही काळ वर्गणी भरलेली लागते.

म्हणून पहिली पगारचिठ्ठी घरी आणायला सांगा. तीवर फंडाचा यूएएन क्रमांक आणि विमा क्रमांक आहे का, ते पाहा. नसल्यास त्याच महिन्यात विचारा.