पत्ता आपला, यंत्र दुसऱ्याचे



बीड जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने दहा-बारा वर्षांपूर्वी स्वतःचा मेल सर्व्हर उभारला असेल, तर तो निर्णय चुकीचा नव्हता. लिनक्स आणि पोस्टफिक्स फुकट मिळत होते, पत्ते महाविद्यालयाच्या नावाचे होत होते. महाविद्यालयाची संगणकव्यवस्था सांभाळणारा म्हणून आज मी तो सर्व्हर बंद करून सशुल्क किंवा शैक्षणिक मेलसेवा घ्यावी असे सुचवतो. जुने यंत्र बदलून नवे घेता येते, पण त्याने मूळ अडचण सुटत नाही.

वीज जाणे हा मोठा धोका आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात आपला सर्व्हर बंद असला, तर पाठवणारा सर्व्हर तो मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स साधारण पाच दिवस थांबते. एका रात्रीच्या अंधाराने येणारे पत्र हरवत नाही. हरवते ते आपण पाठवलेले पत्र. प्रवेशाची सूचना गेली, आपल्या नोंदीत ‘पाठवली’ असे दिसले, आणि विद्यार्थ्याच्या जीमेलमध्ये ती स्पॅममध्ये पडून राहिली, तर कोणालाच काही कळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक ओळख सक्तीची केली. आयपी पत्त्यावरून उलट नाव शोधता आले पाहिजे, हीही अट आहे. ही उलट नोंद इंटरनेट पुरवणारी कंपनीच करू शकते, आणि पत्ता बदलत राहणाऱ्या साध्या ब्रॉडबँडवर ती टिकत नाही. त्यातच सर्व्हर सेंटओएस ७ वर असेल, तर त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या ३० जून २०२४ ला थांबल्या आहेत. अशा यंत्रातून कोणी एक पासवर्ड चोरून जाहिराती पाठवल्या, की प्राचार्यांचे पत्रही संशयित ठरते.

आता स्थलांतराचे गणित पाहू. समजा २०० खाती आहेत आणि प्रत्येकात सरासरी ४ जीबी मेल आहे, म्हणजे एकूण ८०० जीबी. वीस एमबीपीएस वेगाने बाहेर पाठवले तर तासाला ९ जीबी जातात. कामाच्या वेळेला धक्का न लावता रात्री दहा तास चालवले, तर नऊ रात्री लागतात. म्हणून आधी जुना मेल `imapsync` सारख्या साधनाने हळूहळू नव्या सेवेवर न्यायचा, एमएक्स नोंदीचा टीटीएल एक-दोन दिवस आधी `300` सेकंदांवर आणायचा, मग एमएक्स बदलायची आणि शेवटी मधल्या काळातला मेल पुन्हा एकदा जुळवून घ्यायचा. जुना सर्व्हर आणखी आठवडाभर चालू ठेवायचा.

चूक होते ती विसरलेल्या पाठवणाऱ्यांमुळे. ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर, शुल्काची पावती देणारी व्यवस्था, कार्यालयातला स्कॅनर हेही महाविद्यालयाच्या नावाने मेल पाठवत असतात. एसपीएफमध्ये फक्त नवी सेवा लिहून शेवटी `-all` ठेवले, तर यांचे मेल `spf=fail` ठरतात. म्हणून डीमार्कचे धोरण सुरुवातीला `p=none` ठेवावे, येणारे अहवाल काही आठवडे वाचावेत, सर्व पाठवणारे सापडल्यावरच ते कडक करावे.

पहिला आक्षेप असा की आपला पत्रव्यवहार परक्याच्या हाती जाईल. तो खरा आहे. पण दुरुस्त्या थांबलेले यंत्र केवळ आपल्या खोलीत आहे म्हणून सुरक्षित होत नाही. गोपनीय प्रश्नपत्रिका तर दोन्हीकडे मेलने पाठवू नये. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार काम दुसऱ्याला दिले तरी जबाबदारी संस्थेचीच राहते. त्यामुळे करार वाचूनच सही करावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज फुकट देणारा उद्या अट बदलेल. तसे घडलेही आहे. गुगलची शिक्षणसंस्थांसाठीची अमर्याद साठवण २०२२ मध्ये संपली आणि फुकट योजनेत संपूर्ण संस्थेसाठी मिळून १०० टीबी उरले. आपल्या ८०० जीबींना ते पुरेसे आहे, पण त्यातून धडा घ्यायला हवा. दरवर्षी सगळ्या खात्यांची प्रत महाविद्यालयाच्या डिस्कवर उतरवून ठेवावी, आणि डोमेनची चावी कोणत्याही सेवेकडे किंवा एका तंत्रज्ञाकडे न देता प्राचार्यांच्या कार्यालयात ठेवावी. `.ac.in` आणि `.edu.in` ही नावे अर्नेट इंडियाकडून मिळतात. त्यांचे नूतनीकरण चुकले, तर सेवा कोणतीही असो, सगळे पत्ते एकदम मरतात. केंद्र सरकारने सुमारे १२ लाख सरकारी मेलखाती झोहोच्या व्यवस्थेवर नेली, तेव्हाही `gov.in` आणि `nic.in` हे पत्ते कायमच राहिले.

यंत्र भाड्याचे असले तरी नाव आणि प्रत आपल्याकडे असेल, तर सेवा न पटल्यास एमएक्स आणि एसपीएफच्या नोंदी बदलून दुसरीकडे जाता येते. तो मार्ग मोकळा ठेवूनच हा सर्व्हर बंद करावा, एवढीच माझी अट आणि माझा प्रस्ताव.