आरेतली झाडं: आकडा कुठला, तारीख कुठली?

आज आरेबद्दल बोलू, पण घोषणांबद्दल नाही, कागदांबद्दल. मी कोड लिहिणारा माणूस. दोन फाइल्समध्ये फरक दिसला की मला चैन पडत नाही, आणि आरेच्या कागदांत असे दोन फरक आहेत.

पहिला तारखेचा. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ ला प्रस्ताव मंजूर केला. २,१८५ झाडं तोडायची, ४६१ दुसरीकडे लावायची. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. लोक धावत गेले. परवानगीनंतर १५ दिवस थांबायचं असतं, तो आदेश तर वेबसाइटवर आत्ता आलाय, असं त्यांचं म्हणणं. मेट्रो कॉर्पोरेशन म्हणालं, आदेश १३ सप्टेंबरचा, मुदत २८ लाच संपली. बघा, भांडण कशावर? दिवस आदेश निघाल्यापासून मोजायचे की लोकांना दिसल्यापासून? ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. म्हणून नोटीस दिसली की स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट.

दुसरा फरक मला जास्त खटकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी प्राधिकरणाकडे अर्ज करायची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये हरकतींसाठी जाहीर नोटीस आली, त्यात १७७ झाडं! खुलासा असा की ८४ हा आकडा जुन्या मोजणीचा, मधल्या काळात झुडपं वाढून झाडं झाली. हे शक्य आहे, आरेत पाऊस कमी नाही. पण मग आधी न्यायालयाकडे जायला हवं होतं ना? एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं आणि कॉर्पोरेशनला १० लाख भरायला लावले. गंमत म्हणजे (गंमत कसली!) १७७ झाडं काढायची परवानगी मात्र राहिली, कारण काम अडून चालणार नव्हतं.

तिथल्या पाड्यांवरच्या लोकांचा प्रश्न तर वेगळाच. त्यांच्यासाठी आंबा-फणसाचं झाड हे यादीतला नंबर नसतं, घरातलं खाणं असतं. हरकत लिहिताना हेच लिहावं. ‘झाडे वाचवा’ एवढंच लिहिलं तर सुनावणीत त्याला उत्तर द्यावं लागत नाही. यादीतला अमुक क्रमांक, प्रत्यक्ष जागेवर अमुक झाड, त्यावर अमुक कुटुंब अवलंबून, असं लिहिलं की उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी यादी हातात घेऊन एकदा चालत जा. खोडावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का, ते बघा.

आणि दुसरीकडे लावलेली झाडं? ती जगतायत का, हे पाहायला न्यायालयाने आयआयटी मुंबईची टीम पाठवायला सांगितलं होतं. पुढच्या भागात त्याच प्रश्नापासून सुरू करू.