एका लेनमध्ये पाच जण

उन्हाळ्यात तलावावर एकेका लेनमध्ये पाच-पाच जण असतात. दोरीच्या एका बाजूने जायचं, दुसऱ्या बाजूने परत यायचं आणि भिंतीवरून एकमेकांत थोडं अंतर ठेवून सुटायचं, असं सगळे गोल फिरतात. अशा वेळी किती पोहून होईल आणि किती वेळ लागेल, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. त्याला कारण असतं ते भिंतीवरचं अंतर.

एक उदाहरण घेऊ. तलाव २५ मीटरचा आहे, म्हणजे जाऊन-येऊन एक फेरी ५० मीटरची. १०० मीटर आठ वेळा पोहायचं आहे. पहिले चौघे १०० मीटर साधारण १ मिनिट ५० सेकंदांत पोहतात, पाचवा दोन मिनिटांत. दोघांमध्ये ५ सेकंदांचं अंतर, म्हणजे पाचवा पहिल्यानंतर २० सेकंदांनी सुटणार.

पुष्कळ ग्रुपमध्ये सगळे भिंतीशी आले की पंधरा सेकंद दम घेऊन पुन्हा सुटतात. यात पाचव्याचे २० सेकंद दर वेळी मोजावे लागतात. एका खेपेला दोन मिनिटं पस्तीस सेकंद जातात, आणि आठवी खेप संपून पाचवा भिंतीला टेकेपर्यंत २० मिनिटं २५ सेकंद होतात. याउलट घड्याळावर सुटायचं ठरवा. पहिल्याने दर सव्वादोन मिनिटांनी निघायचं आणि मागच्यांनी आपापल्या सेकंदाला. आता पाचव्याचे २० सेकंद एकदाच मोजायचे, कारण तो नेहमीच तेवढा मागे असतो. पहिला आठव्यांदा सुटतो तो सात सव्वादोन, म्हणजे १५ मिनिटं ४५ सेकंदांनी. त्यात पाचव्याचे २० सेकंद आणि त्याची दोन मिनिटं मिळवली की १८ मिनिटं ५ सेकंद. पाचव्याला दम घ्यायला पस्तीसऐवजी पंधराच सेकंद मिळाले, पण दोन मिनिटं वीस सेकंद वाचले.

या पद्धतीत खेपाही वेगळ्या मोजाव्या लागत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा प्रत्येक खेपेला पंधरा सेकंद पुढे सरकलेला दिसतो. पाचवा पहिल्यांदा २० वर सुटला तर नंतर ३५, मग ५०, मग ५. काटा ५० वर असताना तो निघाला, की ही तिसरी खेप किंवा सातवी. या दोन्हींत कुणाचाही गोंधळ होत नाही, अंगातला थकवाच सांगतो. मात्र प्रत्येकाने आपला सेकंद पाळायला हवा. पुढच्याच्या पाठोपाठ लगेच निघालात, की अंतर दोन सेकंदांवर येतं आणि सगळा हिशेब मोडतो.

सलग ८०० मीटर पोहायचं ठरलं की अंतराचा दुसरा परिणाम समोर येतो. पहिल्या चौघांची फेरी ५५ सेकंदांची, पाचव्याची ६० ची. पाचवा २० सेकंद उशिरा सुटला, त्यामुळे एक फेरी मारून आलेला पहिला त्याच्या ३५ सेकंद मागे असतो. पुढे दर फेरीला हे अंतर पाच सेकंदांनी कमी होतं. पहिल्याच्या आठ फेऱ्या पूर्ण होतात, त्याच क्षणी पाचवा सातवी संपवून भिंतीला टेकतो. इथे पाचव्याने कोपऱ्यात सरकून चौघांनाही जाऊ द्यावं आणि चौथ्यानंतर पाच सेकंदांनी निघावं. भिंतीवर त्याचे २० सेकंद गेले. पुढे पुन्हा थांबावं लागत नाही. तो १६ मिनिटं ४० सेकंदांत पोहून संपवतो.

आता कुणी म्हणेल, पाय लागतात, अंतर दहा सेकंदांचं ठेवू. ऐकायला बरं वाटतं, पण पाचवा ४० सेकंद उशिरा सुटला की पहिला त्याला चार फेऱ्यांतच गाठतो, म्हणजे २०० मीटरला. मग दर चार फेऱ्यांनी तेच होतं. पाचवा तीनदा कोपऱ्यात उभा राहतो, प्रत्येक वेळी ४० सेकंद, आणि त्याचे ८०० मीटर १८ मिनिटं ४० सेकंदांना संपतात. अंतर दुप्पट केल्याने त्याची दोन मिनिटं गेली. पाच सेकंदांत पुढचा साडेचार मीटर लांब गेलेला असतो, तेवढी जागा मला पुरेशी वाटते.

फेऱ्या मोजताना पाचव्याने पुढच्यांवर विसंबू नये. चौघे त्याला ओलांडून गेले, की तो त्यांच्यामागे पोहत असला तरी एक फेरी कमी असतो. पाच सेकंदांच्या अंतरावरही पहिला १४ मिनिटं ४० सेकंदांनी सोळावी फेरी संपवून भिंतीवर हात ठेवतो, तेव्हा पाचव्याच्या दोन फेऱ्या राहिलेल्या असतात. बाकीचे थांबले म्हणून तोही थांबला, तर त्याचं पोहणं ७०० मीटरच झालं. चौघांनी तेवढ्या वेळात भिंतीच्या एका कोपऱ्यात उभं राहून त्याला वळायला जागा ठेवावी.