आरंभीचे अंतर उतारवयात का वाढते?
(संस्थेच्या आंबिवली येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो प्रत्येक कुटुंबाच्या अनुभवाचा आहे. एकाच आळीत, एकाच वर्षी जन्मलेली दोन मुले दहाव्या वर्षी जवळजवळ सारखी दिसतात. साठाव्या वर्षी मात्र त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर पडलेले असते. लोक याला नशीब म्हणतात किंवा एकाच्या उद्योगाला आणि दुसऱ्याच्या आळसाला श्रेय-दोष देतात. वस्तुतः या अंतराच्या वाढीला एक निश्चित रीत आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 साली शास्त्रज्ञांच्या कीर्तीसंबंधी तिची मांडणी केली: ज्याला आधी मान मिळाला, त्यालाच पुढचाही मान सुलभतेने मिळतो. पुढे 1987 साली डेल डॅनेफर यांनी हाच विचार मनुष्याच्या वयोमानाला लावून दाखविला.

ही रीत समजण्यासाठी फार लांब जावयास नको. येथून जवळच मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना होता. या पंचक्रोशीतील पिढ्याच्या पिढ्या त्याच्या भोंग्यावर उठल्या. 2009 साली तो बंद पडला आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे कोर्टकज्जांत अडकून राहिली. अशा बंदीचा आघात सर्वांवर एकाच दिवशी होतो, पण तो सर्वांवर सारखा होत नाही. ते कसे, हे दाखविण्यासाठी मी दोन काल्पनिक माणसे घेतो. ती कोणा विशिष्ट घरची नाहीत; तरी आपणांपैकी पुष्कळांना ती ओळखीची वाटतील.

दोघेही 1964 साली जन्मले. पहिल्याच्या घरी थोरला भाऊ नोकरीत कायम होता, म्हणून तो मॅट्रिक होऊन औद्योगिक शिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकला आणि विसाव्या वर्षी कारखान्यात कायम झाला. दुसऱ्याचे वडील आजारी पडले, त्यामुळे आठवीतच त्याची शाळा सुटली. तो ठेकेदाराच्या हाताखाली लागला. त्या पहिल्या वर्षी दोघांच्या पगारात असेल तो फरक थोडकाच होता. पंगतीला दोघे शेजारी बसले असते, तर पाहणाऱ्याला तो दिसलाही नसता.

परंतु तो फरक तेथेच थांबत नाही, कारण त्याला तीन वाटांनी भर मिळत जाते. पहिली वाट चक्रवाढीची. दरसाल 8 टक्के व्याज धरले, तर रक्कम सुमारे 9 वर्षांत दुप्पट होते. बाविसाव्या वर्षी भविष्यनिर्वाह निधीत पडलेले 1,000 रुपये अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत चारदा दुप्पट होतात, म्हणजे 16,000 होतात. तेच 1,000 रुपये चाळिसाव्या वर्षी पडले, तर दोनदाच दुप्पट होऊन 4,000 होतात. येथे उद्योग सारखा, काटकसर सारखी. उणे पडले ते केवळ वय.

दुसरी वाट उंबरठ्यांची, आणि माझ्या मते ती अधिक कठोर आहे. 1972 च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीसाठी एका मालकाकडे पाच वर्षांची अखंड सेवा लागत असे. आमच्या दुसऱ्या गृहस्थाने पंचवीस वर्षे राबूनही ठेकेदार दर दोन-तीन वर्षांनी बदलत गेल्याने त्याच्या कागदावर पाच वर्षे कधी भरलीच नाहीत. निवृत्तिवेतनाचेही तसेच. 1995 च्या योजनेने घालून दिलेले सूत्र सोपे आहे: पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि 70 ने भागावे. सेवा वीस वर्षांची झाली की दोन वर्षे जादा धरतात. 2014 साली ठरलेली 15,000 रुपयांची पगारमर्यादा धरली, तर 30 वर्षांच्या सेवेला दरमहा सुमारे 6,857 रुपये बसतात आणि 12 वर्षांच्या सेवेला सुमारे 2,571. पण 8 वर्षे सेवा झालेल्याला मासिक वेतन मुळीच नाही, कारण दहा वर्षांचा उंबरठा त्याने ओलांडला नाही. बारा आणि आठ यांत अंतर चार वर्षांचे; परंतु त्याचा परिणाम आयुष्याच्या अखेरपर्यंत चालतो.

तिसरी वाट संकटाची. कारखाना बंद झाला तेव्हा दोघेही पंचेचाळीस वर्षांचे होते. देणी दोघांचीही अडली असतील. पहिल्याचेही हाल झाले. पण त्याच्याजवळ स्वतःची खोली होती, हातात प्रमाणपत्र होते आणि उसनवार देणारे आप्त होते, म्हणून मुलांची शाळा चालू ठेवून त्याने दोन वर्षे दम धरला. दुसऱ्याने पहिल्याच महिन्यात मुलाला शाळेतून काढले आणि बायकोचे दागिने सावकाराकडे ठेवले. अशा रीतीने बापाची आठवी मुलाची आठवी झाली. संकट हे अंतर निर्माण करीत नाही. साठलेले अंतर ते उघडे करते आणि पुढच्या पिढीच्या खाती टाकते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. हे अंतर खरोखर वाढले की नाही, हे आजचे तिशीचे लोक आणि आजचे सत्तरीचे लोक यांची तुलना करून कळत नाही. त्यांचे काळच निराळे. एकाच वर्षी जन्मलेल्यांची दर दहा वर्षांनी पुनःपुन्हा पाहणी करावी लागते. शिवाय फार उतारवयात अंतर कमी झाल्यासारखे दिसते, तेव्हाही हुरळून जाऊ नये. ज्यांची परिस्थिती सर्वांत हलाखीची, ते बहुधा आधीच निघून गेलेले असतात. मोजणीत उरतात ते तगलेले. तशीच दुसरी बाजू: हा क्रम अटळ नाही. योग्य वेळी लहानसा टेकू मिळाल्याने मार्ग बदललेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. टेकू कोणत्या वेळी मिळतो, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून माझी कार्यकारी मंडळास नम्र सूचना दोन गोष्टींची आहे. आपण विद्यार्थ्यांचा सत्कार करतो तो बहुधा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, म्हणजे जो उंबरठा ओलांडून गेला त्याचा. शिष्यवृत्तीचा काही भाग आठवी-नववीत, ज्या घरी कर्ता माणूस आजारी आहे अशा घरच्या मुलासाठी राखून ठेवावा. तेथे दिलेला रुपया पुढे वाढण्यास सर्वांत अधिक वर्षे मिळवितो.

दुसरी गोष्ट तरुण नोकरदारांसाठी. नोकरी बदलताना निधीची रक्कम काढून खर्चून टाकण्याचा मोह होतो. निवृत्तिवेतनाच्या हिशेबाचे पैसे उचलले की तेवढी सेवा पुसली जाते आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून मोजणी सुरू होते. खाते नव्या मालकाकडे वर्ग करावे. पुढची नोकरी लागलेली नसेल तर योजना प्रमाणपत्र मागून घ्यावे, म्हणजे जुनी वर्षे नव्या वर्षांत मिळविता येतात. तीन ठेकेदारांकडची चार-चार वर्षे जोडली तर बारा होतात. न जोडली तर ती तीन वेळा चारच राहतात. संस्थेच्या कार्यालयात रविवारी एक जाणता गृहस्थ हे कागद पाहून देण्यास बसला, तर कित्येक घरांचे उतारवय पालटेल.