कंसातला शब्द आणि बैलाची मान

रेडिओवर मला नऊ मिनिटं दिली आहेत. मास्तर माणसाला नऊ मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यातच संपायची, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या आईने मला फोनवर एक स्क्रीनशॉट पाठवला. मराठी व्याकरणाचा स्वाध्याय. ‘कंसातील शब्दाचे योग्य रूप वापरून रिकाम्या जागा भरा.’ खाली तिचा निरोप होता : ‘सर, उत्तरं लिहा की, आणि प्रत्येकाचा नियम एका ओळीत. बाईंनी सांगितलंय.’ त्यासोबत पालकांच्या ग्रुपवर आधीच फिरत असलेली उत्तरंही तिने पाठवली. त्यातली दोन चूक होती. ते चालतं, दुरुस्त करता येतं. पण पाचही उत्तरांपुढे नियम एकच लिहिलेला : ‘येथे विभक्तीचा प्रत्यय लागतो.’

आता बघा, हा नियम खोटा नाही. पण तो पाचही जागांना बसतो, म्हणजे एकीलाही बसत नाही. प्रत्यय लागतो हे लेकराला माहीतच आहे हो. प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं काय होतं, ते तिला अडतंय. ‘त’ लागला की सप्तमी आणि ‘चा’ लागला की षष्ठी, हे झालं नाव. नाव म्हणजे नियम नव्हे. हे मी पुन्हा सांगणार आहे, आताच सांगून ठेवतो.

ज्यांनी बैल जुपलाय त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. हाताखालचा बैल जू मानेवर येण्याआधीच मान खाली घालतो. जू टेकतं, शिवळ बसते, मग जुपणी बांधायची. मान न वाकवता जू चढवायला गेलं तर जू घसरतं. शब्दाचंही तसंच आहे. प्रत्यय हे जू. ते यायच्या आधी शब्द मान वाकवतो, त्या वाकलेल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. एका ओळीच्या नियमात लिहायचं काय, तर मान कशी वाकली ते. जू कोणतं होतं ते नंतर.

पहिली जागा : ‘नवरात्रात ______ फार गर्दी असते.’ कंसात तुळजापूर. ग्रुपवरचं उत्तर ‘तुळजापूरात’, पू दीर्घ. चूक. ‘तुळजापुरात’ हवं. नियम एका ओळीत : शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. गरीब, गरिबाला. वकील, वकिलाला. फूल, फुलाला. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे जे नियम आहेत, १९६२चे चौदा आणि १९७२ साली जोडलेले चार, त्यांत हा आहे.

पण आपल्याकडचं कुणीही पोर म्हणेल, सर, आम्ही तर ‘तुळजापूरला’ म्हणतो. म्हणा की. तेही बरोबर, वाक्यातही बसतं. आणि तिथे पू दीर्घच लिहायचा. का? ‘तुळजापुराला’ असं आपण म्हणत नाही, ‘ला’ सरळ नावाला चिकटवतो. मान वाकलीच नाही, मग ऱ्हस्व कशाने होणार? ‘त’ लावताना मात्र तुळजापूर-त असं म्हणता येत नाही, मध्ये ‘रा’ येतो. वाकली. म्हणून ऱ्हस्व. तेव्हा ‘तुळजापूरला’ आणि ‘तुळजापुरात’ ही दोन्ही रूपं खरी; ‘तुळजापुरला’ आणि ‘तुळजापूरात’ ही दोन्ही खोटी. एस.टी.च्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर ही खोटी रूपं रोज दिसतात. माझ्या स्वतःच्या मुलाच्या पत्रिकेत ‘सोलापूरात’ छापून आलं होतं. पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर दिसलं. तर ते असो.

दुसरी आणि तिसरी जागा मी एकत्र घेतो. ‘आम्ही ______ किल्ला पाहिला’, कंसात परंडा. आणि ‘मुले ______ काठी खेळतात’, कंसात तेरणा, म्हणजे आपल्या तेरवरून जाणारी नदी. उत्तरं ‘परंड्याचा’ आणि ‘तेरणेच्या’. दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘आ’. एकीकडे ‘आ’चा ‘या’ झाला, दुसरीकडे ‘ए’. ग्रुपवर कुणीतरी नंतर सुधारून लिहिलं होतं : ‘आकारान्त शब्दाचा या होतो.’ हा नियम घेऊन पोरगी पुढच्या पानावर गेली की ‘शाळा’चं ‘शाळ्यात’ करणार. नियमात लिंग आलंच पाहिजे. पुल्लिंगी आकारान्ताचा ‘या’ होतो : घोडा, घोड्याला. स्त्रीलिंगी आकारान्ताचा ‘ए’ : शाळा, शाळेत. परंडा, उमरगा, लोहारा ही गावांची नावं पुल्लिंगी शब्दांसारखी चालतात : उमरग्याला, लोहाऱ्याला. तेरणा नदी, म्हणून तेरणेला. एका ओळीत दोनच शब्द वाढले, पण ते दोन शब्द नसतील तर नियम मोडका.

म्हणून मी वर्गात एक करायचो. नियम लिहून झाला की पोरांना म्हणायचो, आता हा दुसऱ्या शब्दाला लावून दाखव. नियम खरा की खोटा हे तिथेच कळतं. ‘पुल्लिंगी आकारान्ताचा या होतो’ हासुद्धा लावून बघा ना. काका, मामा, दादा. ‘काक्याला’ म्हणाल? नाही, काकाला. नात्यातले हे शब्द मान वाकवत नाहीत. घरातली वडीलधारी माणसं, त्यांच्या मानेवर जू कोण ठेवणार? आणि ‘राजा’ला ‘राज्याला’ केलंत तर राजा गेला आणि राज्य आलं, अर्थच बदलला. राजाला म्हणायचं. तेव्हा ओळीच्या शेवटी ‘काका, मामा, राजा असे काही शब्द सोडून’ असं लिहिलं तर कुणी गुण कापणार नाही.

चौथी जागा. ‘______ पायऱ्यांवर लोक बसले होते.’ कंसात देऊळ. ग्रुपवर ‘देऊळाच्या’. पहिल्या जागेचा नियम ज्याने पाठ केला असेल तो ‘देउळाच्या’ लिहील, उ ऱ्हस्व करून. त्याने निदान विचार केला. पण बरोबर आहे ‘देवळाच्या’. नियम : तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असेल तर मधल्या ई-ऊच्या जागी ‘अ’ येतो. लाकूड, लाकडाला. माणूस, माणसाला. कापूस, कापसाला. बेरीज, बेरजेला. देऊळ, पाऊस यांत मधलं अक्षर नुसता ‘ऊ’ आहे, म्हणून तिथे ‘व’ दिसतो : देवळात, पावसात. इथे मान नुसती वाकली नाही, बैल गुडघ्यावर आला म्हणा. आणि वकील, गरीब यांचं पहिलं अक्षर ऱ्हस्व, म्हणून ते पहिल्या नियमात थांबतात, वकिलाला, पुढे जात नाहीत. म्हणजे शब्द हातात आला की आधी अक्षरं मोजायची, मग पहिलं अक्षर बघायचं. या क्रमाने.

आता हाही नियम लावून बघू. लातूर. १९८२पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं, त्याला परकं कसं म्हणू. तीन अक्षरी आहे, पहिलं अक्षर ‘ला’ दीर्घ, मधे दीर्घ ऊ. नियमाप्रमाणे व्हायला हवं ‘लातरात’. कुणी म्हणतं का? आपण ‘लातुरात’ म्हणतो. गावाचं नाव फार मोडत नाही, ओळखू येईल इतकंच वाकतं. माझ्या एका विद्यार्थ्याने हे मला वर्गात उभं राहून विचारलं होतं आणि मी त्याला खाली बस म्हणालो होतो. बरोबर त्याचं होतं. मला उत्तर सुचायला दोन दिवस लागले, आणि तोवर शनिवार आला.

पाचवी लवकर घेतो, काचेपलीकडून खूण झालीय. ‘त्याच्या ______ धोका नाही.’ कंसात जीव. ग्रुपवर ‘जीवाला’, आणि ते बरोबर आहे. पण मग पहिल्या जागेचा नियम कुठे गेला? शेवटून दुसरं अक्षर ‘जी’, दीर्घ आहे, ‘जिवाला’ व्हायला हवं. होत नाही, कारण शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय. ओळ अशी : दीर्घ ई-ऊ असलेले तत्सम शब्द सामान्यरूपातही दीर्घच राहतात. शरीर, शरीराला. गीत, गीतात. पोरं विचारतात, तत्सम कोणता हे आम्ही ओळखायचं कसं? प्रश्न रास्त आहे. सहावीतल्या पोराने संस्कृत कुठून आणायचं? शब्दकोशात शब्दापुढे ‘सं.’ असं लिहिलेलं असतं, आणि शब्द तोच, न बदललेला असतो, ते बघायचं. तोवर पाचदहा शब्द पाठ करायचे; दुसरी वाट मला तरी ठाऊक नाही.

आणि पुन्हा सांगतो, ज्यांनी आत्ताच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी : ‘येथे षष्ठी विभक्ती आहे’ हा नियम नव्हे. ‘पुल्लिंगी आकारान्ताचा या होतो’ हा नियम. पहिल्याने पोरीची वही भरते, दुसऱ्याने पुढची जागा भरते.

आणखी एक, पालकांसाठी. स्क्रीनशॉट काढताना वरची सूचनेची ओळ कापू नका. ‘योग्य रूप लिहा’ आहे, की ‘अनेकवचन लिहा’ आहे, त्यावर सगळं उत्तर फिरतं. रिकाम्या जागेपुढे प्रत्यय छापलेला आहे का तेही दिसू द्या. ‘______चा किल्ला’ असं छापलं असेल तर जागेत फक्त ‘परंड्या’ लिहायचं. पोरं ‘परंड्याचा’ लिहितात आणि वाक्य ‘परंड्याचाचा किल्ला’ होऊन बसतं. आणि चित्र पुसट असेल तर ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी दिसत नाही, मग मास्तर अंदाजाने सांगतो. मी सांगितलंय तसं, खोटं कशाला बोलू.

या मुलीच्या स्क्रीनशॉटमध्ये सहावा प्रश्न होता, ‘आई ______ दूध पाजते’, आणि कंस खाली कापला गेलेला. लेकरू असेल, नाहीतर वासरू. काही असलं तरी चालतं, दोन्ही नपुंसकलिंगी ऊकारान्त, ऊचा आ होतो : लेकराला, वासराला. लिंबू, लिंबाला. पण पेरू पुल्लिंगी, तो पेरूलाच राहतो, खडू खडूलाच, आणि मग विंचू पुल्लिंगी असून विंचवाला का होतो, तर त्याचं असं आहे की… बरं, हात वर झालाय. विंचू पुढच्या वेळी.